इंटरव्ह्यूला सहा बोलावले, रजिस्टरप्रमाणे एकच वेळेवर: खरी अडचण आणि बेफिकिरी कशी ओळखायची

चाकण एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी गेली नऊ वर्षं एचआरचं काम पाहते. आमची भरती बहुतेक शॉप फ्लोअरची असते: क्वालिटी इन्स्पेक्टर, सीएनसी ऑपरेटर, मेंटेनन्सचे फिटर. दुखणं नेहमीचंच. सहा जणांची लाइनअप लावावी, दोघं यावेत, एकाने तासाभराने धापा टाकत यावं आणि उरलेल्यांचे फोन बंद. प्रॉडक्शनचे साहेब लाइन सोडून वर येऊन बसलेले असतात. त्यांचा राग अगदी रास्त असतो, पण त्या रागातून घेतलेला निर्णय बरोबर असतोच असं नाही.

या दुखण्यावर मी आधी दोन उपाय करून पाहिले. पहिली काही वर्षं सरळ नियम होता: १५ मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला की फाइल बंद. त्यात चांगली माणसं हातची गेली आणि ती नंतर शेजारच्याच कारखान्यात रुजू झालेली दिसली. मग मी दुसऱ्या टोकाला गेले. प्रत्येकाचं कारण ऐकायचं आणि ते खरं वाटतंय का ते ठरवायचं. हे जास्त वाईट निघालं. ज्याला बोलता येतं त्याचं कारण खरं वाटायचं आणि जो मुलगा फोनवर अडखळायचा त्याचं खोटं. पंक्चर खरंच झालं होतं का, हे मला ऑफिसात बसून कधीच कळणार नव्हतं.

आता मी कारणाकडे शेवटी पाहते, आधी वेळा पाहते. प्रत्येक कॅन्डिडेटच्या नावापुढे चार वेळा लिहायच्या: ठरलेली वेळ, गेटवर पोचल्याची वेळ, त्याने आपल्याला पहिल्यांदा कळवलं ती वेळ, आणि त्याला कळवणं शक्य झालं असेल अशी सगळ्यात आधीची वेळ. शेवटच्या दोन वेळांमधलं अंतर कारणापेक्षा खूप जास्त सांगून जातं. जो खरोखर अडकतो तो हाताला फोन लागला की कळवतो. ज्याला यायचंच नव्हतं तो आपला फोन येईपर्यंत गप्प असतो.

आधी आपलं निमंत्रण तपासा

कॅन्डिडेटला बोल लावण्याआधी आपण नेमकं काय पाठवलं होतं ते वाचा. आमच्याकडे एकदा एकाच दिवशी दोन मुलं आलीच नाहीत. फोन केला तेव्हा एक जण हिंजवडीत उभा होता. आम्ही मेसेजमध्ये ‘एमआयडीसी फेज २’ एवढंच लिहिलं होतं. फेज २ हिंजवडीतही आहे आणि चाकणमध्येही. नव्या माणसाला फेज २ म्हटलं की हिंजवडी आठवते, त्यात त्याची काय चूक? दुसरा चाकणलाच आला होता, पण आम्ही पाठवलेलं लोकेशन कारखान्याच्या मागच्या, कायम बंद असलेल्या गेटचं होतं. तिथे पाऊण तास फिरून तो परत गेला. तेव्हापासून मेसेजमध्ये गावाचं नाव, जवळची ठळक खूण, कुठल्या गेटने यायचं आणि ‘हिंजवडी नव्हे, चाकण’ असं स्पष्ट लिहिते.

दुसरी तपासणी कन्सल्टंटची. लाइनअप मोठी दिसावी म्हणून काही जण अशी नावं धाडतात, ज्यांनी नीट होकारच दिलेला नसतो. कित्येकदा मुलाला कंपनीचं नावही सांगितलेलं नसतं आणि आदल्या रात्री ९ वाजता ‘उद्या इंटरव्ह्यू आहे’ असा फोन जातो. असा मुलगा आला नाही तर त्याला गैरहजर तरी कसं म्हणायचं? म्हणून कन्सल्टंटकडून आलेल्या प्रत्येकाला मी स्वतः एकदा फोन करते. त्या दोन मिनिटांत निम्मा गोंधळ संपतो.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: नाही म्हणायची वाट ठेवा. आपल्याकडे पोरांना नोकरी देणाऱ्याला तोंडावर नकार देणं जड जातं. दुसरीकडे ऑफर मिळालेली असते, घरच्यांनी चाकण लांब पडतं म्हणून मोडता घातलेला असतो, तरी फोनवर ‘हो मॅडम, येतो’ असंच म्हणतात. आदल्या दिवशी दुपारी ४ च्या सुमारास माझा मेसेज जातो तो असा:

‘उद्या सकाळी १०:३० ला तुमचा इंटरव्ह्यू आहे. कुठून आणि कशाने येणार ते कळवा. यायचं नसेल तर फक्त “नाही” लिहा, आम्हाला राग येणार नाही आणि पुढे पुन्हा अर्ज करता येईल. वाटेत अडचण आली तर याच नंबरवर फोन करा, सकाळी ८ पासून उचलला जाईल.’

‘कुठून आणि कशाने’ हे मुद्दाम विचारते. नुसतं ‘ओके’ कोणीही झोपेत लिहील. ‘कात्रजहून, बसने नाशिक फाटा, तिथून दुसरी बस’ असं लिहिणाऱ्याने प्रवासाचा विचार केलेला असतो. शिवाय कोणी ‘कात्रजहून बाइकने, ९ ला निघेन’ असं लिहिलं तर मी लगेच कळवते की चाळीसेक किलोमीटर आहेत आणि सकाळी भोसरी ते मोशी गाडी मुंगीच्या पावलाने चालते, ८ च्या आत निघा. आणि तो नंबर खरंच ८ पासून उचलला गेला पाहिजे. बोर्ड नंबर दिला, ऑपरेटर ९:३० ला आला आणि मग आपण म्हणालो की यांनी कळवलं नाही, तर तो खोटेपणा आपला ठरतो.

एका मंगळवारचे सहा जण

जुलैतला मंगळवार, दोन क्वालिटी इन्स्पेक्टर हवे होते. सकाळी १० पासून अर्ध्या अर्ध्या तासाने सहा जण बोलावले होते. रिसेप्शनच्या रजिस्टरप्रमाणे एकच जण वेळेत आला, साडेबाराचा. साहेब म्हणाले, “मॅडम, बाकीच्यांना काट मारा. इंटरव्ह्यूलाच येत नाहीत, ते ड्यूटीला काय येणार?” मी त्यांच्याकडून संध्याकाळपर्यंतचा वेळ मागून घेतला.

दहाची मुलगी कात्रजहून येणार होती, ती १०:५० ला पोचली. तिचा मेसेज मात्र ९:२० चा होता: पावसामुळे नाशिक फाट्याजवळ बस अडकली आहे, पाऊण तास उशीर होईल, चालेल का? म्हणजे उशीर व्हायच्या ४० मिनिटं आधी कळवलं, किती उशीर होईल तेही सांगितलं आणि अंदाज बराचसा खरा ठरला. त्या सकाळी त्या रस्त्याने येणारी आमची कंपनीची बससुद्धा उशिरा आली होती. पडताळायचं तर एवढंच पुरे, तिच्याकडे तिकीट मागायची गरज नव्हती. तिला पाणी दिलं, दहा मिनिटं बसू दिलं आणि साडेबाराच्या मुलानंतर पूर्ण इंटरव्ह्यू घेतला. हे दोन्ही मी कटाक्षाने पाळते. वेळेवर आलेल्याला मागे ढकलून उशिरा आलेल्याला आत घ्यायचं नाही, आणि उशिरा आलेल्याचा इंटरव्ह्यू दहा मिनिटांत उरकायचा नाही. व्हर्नियर हातात देऊन रीडिंग घ्यायला लावायचं तर सगळ्यांनाच लावायचं. वेळ नसेल तर दुसरा दिवस द्यावा. अर्धवट घेतलेल्या इंटरव्ह्यूने धड तोही कळत नाही आणि आपणही.

साडेदहाचा मुलगा आला नाही, फोन बंद. वरवर पाहता हा सगळ्यात बेफिकीर. ३:२० ला त्याचा मेसेज आला: नाइट शिफ्ट होती, सकाळी ७ ला सुटायचं होतं, रिलीव्हर आला नाही म्हणून सुपरवायझरने थांबवून घेतलं, ३ ला सुटलो. इथे चौथी वेळ कामाला येते. बऱ्याच कारखान्यांत शॉप फ्लोअरवर मोबाइल नेऊ देत नाहीत, तो लॉकरमध्ये किंवा गेटवर ठेवावा लागतो. त्यामुळे त्याला कळवता येण्याची पहिली वेळ ३ नंतरचीच होती आणि त्याने २० मिनिटांत कळवलं. सुपरवायझरला ‘माझा दुसरीकडे इंटरव्ह्यू आहे, मला सोडा’ असं तो सांगणार तरी कसा? कारखान्यातल्या माणसांना बोलावणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण ‘कळवलं नाही’ हा आपला हुकमी पुरावा इथे कुचकामी ठरतो.

हे खरं आहे का ते पाहायला त्याच्या कारखान्यात फोन करायचा नाही. कधीच नाही, कुठल्याही कारणाने नाही. माणूस नोकरी शोधतोय हे तिथे कळलं तर त्याची असलेली नोकरी धोक्यात येते. मी त्याला एवढंच विचारलं की साप्ताहिक सुट्टी कधी असते. म्हणाला, गुरुवारी. पिंपरी, चिंचवड, भोसरी पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते. त्याला गुरुवारी ११ ची वेळ दिली आणि तो १०:४० ला गेटवर हजर होता. तेव्हापासून त्या पट्ट्यात कामाला असलेल्यांचे इंटरव्ह्यू मी शक्यतो गुरुवारीच लावते आणि नाइट करून येणाऱ्याला सकाळची वेळ देत नाही. रात्रभर उभं राहिलेल्या माणसाला साडेदहाला बोलावणं ही माझीच चूक होती, मी त्याला शिफ्ट विचारलीच नव्हती.

अकराच्या मुलाने आदल्या दिवशी ‘येतो मॅडम’ एवढंच लिहिलं होतं, कुठून आणि कशाने ते नाही. ११:१० ला मी फोन केला, रिंग वाजत राहिली. ११:२५ ला मेसेज आला: गाडी पंक्चर झाली. आता पंक्चर होऊ शकतं, पावसाळ्यात तर नक्कीच. मी तो खोटं बोलतोय असं मानलं नाही आणि पंक्चरचा फोटोही मागितला नाही. विचारलं ते असं: ‘ठीक आहे. आत्ता कुठे आहात? १ पर्यंत पोचू शकाल, की गुरुवारी ११:३० ला याल?’ त्यावर उत्तर आलं, ‘बघतो.’ दुपारी ४ ला मी पुन्हा लिहिलं की आज संध्याकाळी ६ पर्यंत कळवा. काही आलं नाही, फाइल बंद केली. ती पंक्चरमुळे बंद झाली नाही. समोर दोन वेळा ठेवल्या, त्यातली एकही त्याने उचलली नाही, म्हणून झाली. गरज असलेला माणूस दिलेल्या दोनपैकी एक वेळ पकडतो किंवा तिसरी मागतो.

साडेअकराचा मुलगा रिसेप्शनला ११:५० ला आला, म्हणजे २० मिनिटं उशीर. तो काहीच बोलला नाही, नुसतं ‘सॉरी’ म्हणाला. मी सवयीने सिक्युरिटीचं गेट रजिस्टर मागवलं. त्यात त्याची नोंद ११:१२ ची होती! मालाच्या दोन गाड्या एकदम आल्या, गार्ड एकच, व्हिजिटर पास लिहायला कोणी नव्हतं आणि हा छत्री धरून उभा. वेळेआधी येऊनही आमच्या लेखी तो उशिरा आलेला ठरला होता. म्हणूनच मी वेळ गेटवरची धरते, रिसेप्शनची नाही. आता आदल्या दिवशीच नावांची यादी गेटवर जाते आणि पास तयार असतात.

बाराच्या मुलाचा मेसेज सकाळी ९ चा: आजोबा वारले, गावी निघालोय. यावर प्रश्न विचारायचेच नसतात. मी लिहिलं की वाईट वाटलं, इंटरव्ह्यूची काळजी करू नका, सगळं उरकलं की कळवा. तेरा दिवस त्याला एकही मेसेज केला नाही. पण एक गोष्ट पहिल्याच मेसेजमध्ये सांगून टाकली होती की या दोन जागा कदाचित त्याआधी भरतील, तरी पुढच्या भरतीत बोलावू. ते प्रामाणिकपणे सांगायलाच हवं, उगाच आशेवर ठेवू नये. दोन आठवड्यांनी त्याचा फोन आला तेव्हा जागा भरल्या होत्या, ऑगस्टमध्ये त्याला बोलावलं.

संध्याकाळी मी साहेबांपुढे कागद ठेवला. ज्या पाच जणांना ते काट मारणार होते, त्यांत बेफिकीर म्हणावा असा एकच निघाला. दोन जागा भरल्या त्या कात्रजच्या मुलीने आणि नाइटवाल्या मुलाने. साडेबाराचा मुलगा वेळेवर आला होता, पण त्याला ड्रॉइंग वाचता आलं नाही.

नियम किती सैल, किती घट्ट

आमचा लेखी नियम आता छोटा आहे. १५ मिनिटांपर्यंतचा उशीर धरत नाही. त्याहून जास्त उशीर होणार असेल आणि ठरलेल्या वेळेआधी कळवलं असेल, तर त्याच दिवशी शेवटी किंवा दुसऱ्या दिवशी घेतो. न कळवता कोणी आलं नाही तर १० मिनिटांनी एक फोन आणि एक मेसेज आमच्याकडून. प्रत्येकाला एकदा तारीख बदलून मिळते, कारण न विचारता. ‘कारण न विचारता’ हे फार कामाचं आहे. माणसाला खोटं बोलावं लागत नाही आणि ज्याचं कारण सांगण्यासारखं नसतं, घरातली मारहाण असो, गर्भपात असो, कर्जवाला दारात बसलेला असो, त्याची लाज राखली जाते. डॉक्टरची चिठ्ठी किंवा ॲडमिट कार्ड मी कधी मागत नाही. तो अजून आपला कामगार नाही, त्याचं आजारपण पाहण्याचा आपल्याला काय अधिकार?

दुसरी तारीखही चुकली की मग मी कारण ऐकते आणि तेव्हा घट्ट राहते. अपवाद तेव्हाच, जेव्हा बाहेरचं काही सगळ्यांवरच कोसळलेलं असतं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं होतं. तशा दिवशी कोणाचं कितवं चुकणं आहे ते मोजायचं नसतं, इंटरव्ह्यू आपणच पुढे ढकलावेत. जे दिवस आधी माहीत असतात ते तर टाळलेच पाहिजेत: आषाढात पालख्या आळंदी-देहूहून निघून पुण्यात मुक्कामाला असतात ते दिवस, कार्तिकीची आळंदीची यात्रा, गणपती विसर्जन. पालखीच्या दिवशी दिघीवरून चाकणला या म्हणायचं आणि वर उशिराचा जाब विचारायचा, हा अन्याय आहे.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. अपघात झालेला किंवा बेशुद्ध पडलेला माणूस कळवू शकत नाही, त्याची चौथी वेळ आपल्याला ठाऊकच नसते. म्हणून न कळवणाऱ्याचीही फाइल मी त्याच दिवशी बंद करत नाही, तीन कामाचे दिवस उघडी ठेवते. एकदा तिसऱ्या दिवशी एका मुलाच्या बहिणीचा फोन आला होता, तो वायसीएमला ॲडमिट होता. उलट बाजूने, सफाईदार माणूस वेळेत गोड मेसेज करून तीनदा तारीख बदलून घेऊ शकतो. त्याला ‘एकदाच’ हा नियम अडवतो.

आणि साहेबांच्या त्या प्रश्नाचं उत्तर, ड्यूटीला काय येणार? इंटरव्ह्यूला माणूस अनोळखी पत्त्यावर, स्वतःच्या खर्चाने, दोन बस बदलून येतो. ड्यूटीला आमच्याकडे कंपनीची बस ठरलेल्या स्टॉपवरून ठरलेल्या वेळी उचलते. दोन्ही प्रवास वेगळे आहेत, त्यामुळे एका उशिरावरून हजेरीचं भाकीत मी करत नाही. हजेरीबद्दल खरंच जाणून घ्यायचं असेल तर इंटरव्ह्यूतच विचारावं की आधीच्या नोकरीत शिफ्ट कशी सांभाळत होता, घरून स्टॉपपर्यंत कसे याल, फर्स्ट शिफ्टला किती वाजता उठावं लागेल. उशिराची नोंदही मी माझ्याच कागदावर ठेवते. इंटरव्ह्यू घेणाऱ्याच्या गुणपत्रिकेवर ती लिहिली की तो रीडिंग पाहायच्या आधीच मत बनवून बसतो.

दुसऱ्यांदा चुकलेल्याला जाणारा आमचा मेसेज असा: ‘दोन्ही वेळा तुमचं येणं झालं नाही, म्हणून या जागेसाठीचा अर्ज आम्ही बंद करत आहोत. सहा महिन्यांनंतर पुन्हा अर्ज करू शकता, तेव्हा आधीची नोंद धरली जाणार नाही.’ त्या शेवटच्या वाक्यासाठी साहेबांशी बरंच बोलावं लागलं होतं. ते मी कागदोपत्री पाळते, सहा महिने झाले की ती ओळ शीटमधून काढून टाकते.